पाचशेच्या रेघेखाली काय असतं?

*ताई, मी देवगड तालुक्यातला, वय ३४. कलमांची बाग आहे. हंगामात उरलेल्या पैशांतले दोन लाख शेअर बाजारासाठी वेगळे ठेवले आहेत. एक शेअर पाच महिन्यांत चार वेळा ५०० पर्यंत उतरला आणि दर वेळी तिथूनच वर गेला. पहिल्यांदा ५४८, मग ५३४, ५२६, ५१७. तीन वर्षांपूर्वीच्या चार्टवरही भाव इथेच अडलेला दिसतो. पाचव्यांदा खाली आला तेव्हा मी ५०४ ला २०० शेअर घेतले आणि रोज सकाळी ४९९.५० चा स्टॉपलॉस लावत राहिलो. तिसऱ्या दिवशी तो लागला, शेअर ४९९.२० ला विकले गेले. भाव ४९७.४० पर्यंत गेला आणि त्याच दिवशी ५०३ ला बंद झाला. आठवड्याभरात ५२१. माझ्या बाबतीत असं तिसऱ्यांदा झालं. भाऊ म्हणतो, वर बसून कोणीतरी तुझा स्टॉपलॉस बघतंय. मित्र म्हणतो, सपोर्ट पक्का आहे तर स्टॉपलॉस लावतोस कशाला? या रेघा खऱ्या की खोट्या? पुढच्या वेळी ५०० आला तर काय करू?*

तुमच्या भावाच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती मनातून गेल्याशिवाय बाकीचं पटणार नाही.

तुम्ही लावलेली स्टॉपलॉस ऑर्डर, म्हणजे भाव अमुक आकड्यापर्यंत उतरला की शेअर विका असं आधीच सांगून ठेवणं, एक्सचेंजकडे वेगळ्या वहीत पडून असते. ट्रिगरचा भाव येईपर्यंत ती बाजारात उतरतच नाही, त्यामुळे मोबाइलवर खरेदी-विक्रीच्या ज्या पाच-पाच ओळी दिसतात त्यांतही ती दिसत नाही. समोरच्या माणसाला तुमचे २०० शेअर ४९९.५० ला टांगलेले आहेत हे कळायला मार्ग नसतो. पण खरं सांगू, कळायची गरजही नसते. ५०० च्या वर घेतलेला माणूस स्टॉपलॉस कुठे लावेल हे न बघता सांगता येतं, आणि तुम्ही तो तिथेच लावलात.

मी रत्नागिरीत एका दलालाच्या ऑफिसात अठरा वर्षं डीलर होते. मोबाइलवर ऑर्डर टाकायची सोय सर्रास नव्हती तेव्हा गिऱ्हाइकं फोन करायची आणि आम्ही लांब वहीत लिहून घ्यायचो. डावीकडे नाव, मग शेअर, नग, भाव. पावसचे बागायतदार, मिरकरवाड्याचे ट्रॉलरवाले, निवृत्त मास्तर, सगळ्यांचे फोन यायचे. पान भरलं की भावाच्या रकान्यावरून नजर खाली न्यायची मला सवय होती. ५००, ५००, ४५०, १०००, ५००. इतक्या वर्षांत "४९७ रुपये ३५ पैशाला आला तर घ्या" असं म्हणणारे मला दोघे-तिघेच आठवतात. बाकी सगळ्यांचं "पाचशेला आला की घ्या हो ताई" एवढंच. आणि घेतल्यावर दुसरा फोन ठरलेला असायचा: "पाचशे तुटला तर काढून टाका." म्हणजे त्याच रकान्यात आता ४९९, ४९९.५०, ४९९.

तुमच्या रेघेची सगळी रचना या दोन फोनांत आहे. पहिल्या फोनातली खरेदी बरोबर ५०० वर बसते. दुसऱ्या फोनातली विक्री ५०० च्या जरा खाली बसते. दोन्ही एका जागी नसतात, आणि या दोन जागांमधल्या रुपया-दीड रुपयातच तुमचे पैसे गेले.

ही माझ्या वहीपुरती गोष्ट नाही. कॅरल ऑस्लर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या बँकेच्या चलन विभागाकडे १९९९-२००० मध्ये आलेल्या हजारो ऑर्डरी तपासल्या होत्या. डॉलर-येन, पौंड-डॉलर, युरो-डॉलर अशा जोड्यांच्या ऑर्डरी. तिथे मोठमोठी गिऱ्हाइकं होती, तरी चित्र हेच निघालं. नफा काढून घ्यायच्या ऑर्डरी नेमक्या गोल आकड्यावर जमलेल्या, आणि तोटा थांबवायच्या ऑर्डरी गोल आकड्याच्या जरा पलीकडे, विकायच्या असतील तर खाली आणि घ्यायच्या असतील तर वर. म्हणूनच भाव गोल आकड्याशी येऊन फिरतो हेही खरं आणि गोल आकडा ओलांडला की वेगाने धावतो हेही खरं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता तुमचा तिसरा दिवस सावकाश बघू. आकडे समजुतीसाठी घेते. भाव ५००.२० च्या आसपास आला की खरेदीच्या पाच ओळींत ५०० ची ओळ दिसायला लागते. पुढच्या वेळी मुद्दाम बघा. शेजारच्या ओळींत दोनशे-चारशे शेअर असतात आणि ५०० समोर एकदम चाळीस हजार. हे तुमच्यासारखे वाट बघत बसलेले लोक, आणि फ्युचरमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, वर विकून ठेवलेले, जे ५०० ला परत घेऊन नफा घरी नेणार आहेत. विकणारे आले की हे चाळीस हजार त्यांना झेलतात. भाव थबकतो, विकणारे दमले की वर सरकतो. आपण त्याला सपोर्ट म्हणतो.

पण त्या दिवशी विकणारा मोठा होता. चाळीस हजार संपले. ५०० च्या खाली खरेदीदार विरळ, कारण ज्यांना घ्यायचं होतं ते सगळे वरच्याच पायरीवर उभे होते. भाव ४९९.५० ला टेकला आणि ट्रिगर लागायला लागले. लागलेला प्रत्येक स्टॉपलॉस म्हणजे "मिळेल त्या भावाला विका" म्हणणारी नवी ऑर्डर. ती खालची विरळ खरेदी खाते, भाव आणखी वीस पैसे उतरतो, पुढचा ट्रिगर लागतो. तुमचा ट्रिगर ४९९.५० चा असून विक्री ४९९.२० ला झाली ती यामुळेच. ४९७.४० पर्यंत ही साखळी संपली. घाबरून विकणारे सगळे विकून मोकळे झाले, नवा विकणारा उरला नाही, आणि भाव उलटा फिरला. यात तुमच्यावर नेम धरणारं कोणी असायलाच हवं असं नाही. मोठी खरेदी करायची आहे असा माणूस मात्र अशा जागी शांत बसून राहतो, कारण एरवी न मिळणारे हजारो शेअर त्याला दोन मिनिटांत स्वस्तात मिळतात. तो तुमची ऑर्डर बघत नाही, अंदाज करतो. तुमच्या भावाचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे.

गोल आकड्यावर माणसं का थांबतात याचा फार खोल शोध घ्यायला नको. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव बघा. सुरमईच्या वाट्याची बोली पन्नास-पन्नासने चढत जाते आणि दोन हजारांशी आली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माशाचं वजन काही दोन हजारांशी बांधलेलं नसतं. पण घरून निघताना प्रत्येकीने "दोन हजाराच्या वर जायचं नाही" असं ठरवलेलं असतं, एकोणीसशे सत्तर असं कोणी ठरवत नाही. आणि हॉटेलला माल द्यायचा शब्द दिलेली एखादी बाई असेल तर ती बाविसशेला उडी मारते, कारण तिला घेतल्यावाचून सुटका नसते. शेअरमध्ये फ्युचर विकून अडकलेला माणूस त्या बाईच्या जागी असतो. ऑप्शनचे स्ट्राइक, म्हणजे सौद्यात आधीच ठरवलेले भावही गोल आकड्यांवरच ठेवलेले असतात, म्हणून मोठ्या शेअरमध्ये आणि निफ्टीत तिथली गर्दी आणखी वाढते.

म्हणजे रेघा खोट्या नाहीत. पण तुम्ही त्यांच्यावर जेवढा भार टाकता तेवढा त्या पेलत नाहीत. तुमच्या पत्रात तीन समजुती आहेत, त्यांतली मला सगळ्यात महाग वाटते ती आधी घेते.

चार वेळा टिकला म्हणून पाचव्यांदा जास्त पक्का, असं तुम्ही धरलंत. उलटा विचार करून बघा. ५०० वर बसलेले खरेदीदार दर खेपेला थोडे वापरले जातात. ज्याने पहिल्या खेपेला घेतलं तो पाचव्या खेपेला पुन्हा घ्यायला येतोच असं नाही, आणि त्याचा स्टॉपलॉस मात्र आता खाली टांगलेला असतो. शिवाय तुम्हीच लिहिलेले आकडे वाचा: ५४८, ५३४, ५२६, ५१७. दर उसळी आधीपेक्षा बुटकी. विकणारा दर वेळी कमी भावाला तयार होतोय. माझ्या वहीवर मी असं चित्र पाहिलं असतं तर पाचव्या खेपेला गिऱ्हाइकाला "आज थांबा" म्हटलं असतं. या वेळी भाव ५२१ ला गेला, आधीच्या ५१७ पेक्षा चार रुपये वर. त्याला मी मोठा पुरावा मानत नाही. दोन खेपांमध्ये काही महिने गेले असतील तर नवे खरेदीदार जमतात, ती गोष्ट वेगळी. पण आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने तीच पातळी पुन्हा पुन्हा ठोठावली जात असेल, तर मी तिला कमकुवत होत चाललेली धरते. यावर ट्रेडर लोकांत दुमत आहे, हे माझं मत आहे.

दुसरी समजूत तीन वर्षांपूर्वीच्या ५०० ची. ती आधी तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. मधल्या काळात कंपनीने बोनस दिला असेल किंवा शेअरचे तुकडे केले असतील, तर चार्टवरचे जुने भाव मागे जाऊन बदललेले असतात. एकास एक बोनस झाला असेल तर आज ५०० दिसतो तो त्या दिवशी १००० होता. दोनास एक बोनस, म्हणजे दोन शेअरमागे एक नवा, असेल तर तो ७५० होता. त्या दिवशी कोणी पाचशे हा आकडा पाहिलेलाच नाही, मग त्याची आठवण कोण ठेवणार? काही चार्ट लाभांशही वजा करून दाखवतात, तिथे जुना गोल आकडा ४८६ सारख्या विचित्र जागी सरकतो. एक्सचेंजच्या साइटवर कंपनीच्या पानावर कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्सची यादी असते, तिच्यात तारखा जुळवून बघा. याचीच एक बहीण आहे: लाभांशाची एक्स-डेट. भाव ५०४ आहे आणि उद्यापासून आठ रुपये लाभांश वेगळा होणार असेल, तर शेअर ४९६ ला उघडू शकतो. कोणी घाबरून विकलेलं नसतं, तरी रेघ मोडलेली दिसते आणि तुमचा स्टॉपलॉस लागतो.

तिसरी समजूत, चार वेळा तिथून फिरला म्हणजे रेघेत जोर आहे. ऑस्लरबाईंनी त्याआधीच्या एका अभ्यासात एक साधी गोष्ट केली होती. दलाल आणि बँका गिऱ्हाइकांना ज्या सपोर्ट-रेझिस्टन्सच्या, म्हणजे खाली आधाराच्या आणि वर अडथळ्याच्या, पातळ्या रोज कळवत, त्यांच्या शेजारी त्यांनी नुसत्याच काढलेल्या, मनाला येईल तशा पातळ्या ठेवल्या आणि दोन्हींवरून भाव किती वेळा फिरतो ते मोजलं. तज्ज्ञांच्या पातळ्यांवरून तो जास्त वेळा फिरला, पण मनाला येईल तशा पातळ्यांवरूनही निम्म्याहून जास्त वेळा फिरलाच होता. फरक होता, पण माफक.

हे तुम्ही घरी करून बघावं असं मला मनापासून वाटतं. पोरांना ४८० ते ५४० मधले दहा आकडे चिठ्ठ्यांवर लिहून काढायला सांगा, ५०० आणि ५२० सोडून. ५०७, ५१३, ५३१ असे काहीही येऊ देत. मग तासाच्या चार्टवर प्रत्येक आकड्याची रेघ ओढा. वरून येणारा भाव रेघेच्या रुपयाभर जवळ आला की एक भेट धरा. त्यानंतर रेघेच्या पाच रुपये खाली जाण्याआधी तो पाच रुपये वर गेला तर उसळी, नाहीतर मोड. वहीत दोन रकाने करा आणि नुसत्या रेषा मारत जा. ५१३ वरूनही उसळ्या दिसतील, आणि पहिल्यांदा बघताना धक्का बसेल. मग तेच ५०० साठी मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या रेघेचा खरा जोर. चार-पाच भेटींवरून मात्र तो कळत नाही. दहा-बारा शेअरमधले गोल आकडे घेऊन शंभरभर भेटी झाल्या की अंदाज यायला लागतो.

रेझिस्टन्सचं एक उदाहरण सांगते, कारण ते माझ्या टेबलासमोर घडलं. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या जरा वर जाऊन आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ८,००० च्याही खाली होता. नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत, मुहूर्ताच्या सौद्यांत, तो पुन्हा २१,००० ला लागला. आमच्याकडे त्या आठवड्यात विक्रीचेच फोन जास्त होते. जवळजवळ तीन वर्षं तोट्यात बसलेले लोक म्हणत होते, "मुद्दल आलं ना ताई, काढा आता." अडथळा हा असा तयार होतो, अडकलेल्या माणसांच्या सुटकेतून. २०११ च्या शेवटी सेन्सेक्स पंधरा-सोळा हजारांवर आला, आणि २०१३ च्या दिवाळीच्या सुमारास २१,००० पुन्हा समोर आला. या वेळी तो ओलांडला गेला आणि पुढच्याच वर्षी निर्देशांक पंचवीस हजारांच्याही वर होता. पण २००८ ची पडझड जगभरच्या बँकांच्या संकटाने झाली, २१,००० या आकड्याने झाली नाही. पातळी एखाद-दोन दिवसांची, फार तर काही आठवड्यांची अडवाअडव समजावते. त्यामागचं मोठं कारण तिच्यातून वाचता येत नाही.

आता पुढच्या वेळेचं बोलू. तुमच्या मित्राचा सल्ला मी बाजूला ठेवते. स्टॉपलॉस लावल्यामुळे तुमचे तीन वेळा मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेले असतील. स्टॉपलॉस न लावता बसलेल्या माणसांचं बागेच्या दोन हंगामांचं उत्पन्न गेलेलं मी पाहिलंय. चूक स्टॉपलॉस लावण्यात नव्हती, जागेत होती.

आधी त्या सौद्याचा हिशोब बघा. ५०४ वरून ४९९.२०, म्हणजे शेअरमागे ४.८० आणि एकूण ९६० रुपये. डिलिव्हरीत घेताना आणि विकताना दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी हा सौद्यावरचा कर लागतो, म्हणजे लाखाच्या सौद्यावर दोन्ही मिळून दोनशे. स्टॅम्प ड्यूटी आणि डीपीचे पैसे धरले की दलाली सोडूनही सव्वादोनशे-अडीचशे होतात. साडेचार रुपयांच्या स्टॉपलॉसवर शेअरमागे सव्वा रुपया नुसता खर्च. इतक्या जवळच्या स्टॉपलॉसने डिलिव्हरीचा धंदा होत नाही, रेघ कितीही चांगली असली तरी.

जागा ठरवायला शेअर दिवसभरात सहज किती हलतो ते काढा. गेल्या चौदा दिवसांचा दिवसाचा वरचा भाव वजा खालचा भाव, त्यांची सरासरी. चार्टवर हाच आकडा थोड्या फरकाने ATR नावाने मिळतो. तुमच्या शेअरचा तो मला माहीत नाही, पण पाचशेच्या शेअरला ९ रुपये धरू. म्हणजे तुमचा स्टॉपलॉस शेअरच्या रोजच्या हेलकाव्याच्या निम्म्यात होता. तो लागणारच होता. रेघेखाली एका दिवसाचा हेलकावा सोडायचा, तर ५०० वजा ९, म्हणजे ४९१ च्या आसपास. खाली ४९० हा आणखी एक छोटा गोल आकडा आहे आणि त्याच्याखाली पुन्हा तीच स्टॉपलॉसची गर्दी. म्हणून आपण ४९० च्या वर, ४९१.३० ला ठेवू, म्हणजे भाव तिथवर आलाच तर ती साखळी सुरू व्हायच्या आधी आपण बाहेर असू.

"पण ताई, मग तोटा वाढेल." नाही वाढणार, शेअर कमी घ्यायचे. दोन लाखांतले एका सौद्यात फार तर २,००० घालवायचे असं ठरवा. ५०४ ते ४९१.३० हे अंतर १२.७० रुपये. २,००० ला १२.७० ने भागलं की १५७. दोनशेऐवजी १५७ शेअर, बस. नग हा नेहमी शेवटी काढायचा आकडा आहे. तुम्ही तो आधी ठरवला, आणि दोनशे हाही गोलच निघाला.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, पण त्याला धीर लागतो. रेघेवर घ्यायचंच नाही. भाव ५०० च्या खाली जाऊन, स्टॉपलॉस झाडून, त्याच दिवशी ५०० च्या वर बंद होतो का याची वाट बघायची. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं: ४९७.४० चा तळ, ५०३ चा बंद. दुसऱ्या दिवशी ५०३.६० च्या आसपास मिळाला असता तर आता तुमच्याकडे एक खरी खूण होती. ४९७.४० ला विकणारे संपले होते. भाव पुन्हा त्याच्याही खाली गेला तर तुमचा अंदाज चुकला, म्हणून स्टॉपलॉस ४९६.२० ला. अंतर ७.४०, म्हणजे दोन हजारांत २७० शेअर बसतात. पण मी तेवढे घ्यायला सांगणार नाही, कारण एक लाख छत्तीस हजार एकाच शेअरमध्ये जातात. शंभर-सव्वाशे पुरे. या रस्त्याचा तोटाही सांगते. कित्येकदा भाव ५०० च्या खाली न जाताच वर निघून जातो आणि तुम्ही नुसते बघत राहता. आणि कधी पहिल्या दिवशी वर बंद होऊन तिसऱ्या दिवशी पुन्हा कोसळतो.

लिमिट ऑर्डर, म्हणजे भाव आपण ठरवून दिलेली ऑर्डर, लावून ठेवायची असेल तर बरोबर ५०० ला लावू नका. एक्सचेंजवर आधी भाव बघतात, एकाच भावाला ज्याची ऑर्डर आधी आली तो पुढे. ५०० च्या रांगेत तुमच्यापुढे चाळीस हजार शेअर उभे असतात. भाव ५०० ला टेकून फिरला तर पुढच्यांना मिळतं, तुम्हाला नाही. तुमची ऑर्डर पुरी होते ती पुढचे सगळे संपल्यावर, म्हणजे नेमका सपोर्ट खाऊन टाकला गेला त्या दिवशी. चांगले दिवस हुकतात आणि वाईट दिवस पदरात पडतात. ५००.६५ ला लावा, पासष्ट पैसे जास्त गेले तर जाऊ देत. तसंच विकताना ५५० ऐवजी ५४९.२० ठेवा. ५५० च्या रांगेत उभं राहून आठ-आठ आण्यांनी सौदा हुकलेली आणि मग परत ५१० बघितलेली माणसं माझ्या वहीत भरपूर होती.

एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याच हिशोबाने सुटत नाही. रात्री वाईट बातमी आली आणि शेअर सकाळी सव्वानऊला थेट ४८० ला उघडला, तर ४९१.३० चा स्टॉपलॉस ४८० लाच विकेल. १५७ शेअरवर दोन हजारांऐवजी ३,७६८ जातील. म्हणून तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी रेघेच्या भरवशावर नवा शेअर घेऊ नका, हातात असेल तर निम्मा कमी करा. आणि हेच गणित ऑप्शनमध्ये करू का असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी उत्तर देऊन ठेवते, कारण पुढचं पत्र बहुतेक वेळा तेच असतं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात, आधीच्या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ तोट्यात निघाल्या होत्या. बागेचे पैसे तिकडे नेऊ नका.

राहिली रोज सकाळी स्टॉपलॉस लावायची गोष्ट. साधी स्टॉपलॉस ऑर्डर साडेतीनला बाजार बंद होताना रद्द होते, म्हणून तुम्हाला ती रोज लावावी लागते. एप्रिलमध्ये तुम्ही पहाटेपासून आंबा उतरवायला झाडाखाली असणार, दुपारी पेट्या भरणार, आणि देवगडच्या कातळावर रेंज कुठे मिळते आणि कुठे नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. बहुतेक दलालांकडे GTT नावाची सोय आहे, ती ऑर्डर काही महिने टिकते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा ट्रिगर दलालाच्या सिस्टिममध्ये असतो, एक्सचेंजकडे नाही, आणि लागल्यावर बहुतेक ठिकाणी लिमिट ऑर्डर जाते. म्हणून ट्रिगर ४९१.३० असेल तर विक्रीची लिमिट ४९१.३० ठेवू नका, ४८६ ठेवा, म्हणजे भाव ४८६ पर्यंत झपकन उतरला तरी तुमचे शेअर विकले जातील, थेट त्याच्या खाली उघडला तर मात्र नाही. शिवाय शेअर विकायची परवानगी, डीडीपीआय, आधी दिलेली आहे का ते बघून घ्या. ती नसेल तर दर वेळी मोबाइलवर ओटीपी टाकावा लागतो, आणि तुम्ही झाडावर असताना तो कोण टाकणार?